निरंक दाखला आणि वारसांचा हिस्सा

जागेचा सौदा निघाला की आपल्या बाजारात आजकाल एक वाक्य हमखास ऐकू येते : "ई.सी. काढली आहे, निल आहे, जागा एकदम साफ." ई.सी. म्हणजे एन्कम्ब्रन्स सर्टिफिकेट, मराठीत बोजा दाखला. कर्नाटकात याला ऋणभार प्रमाणपत्र म्हणतात. सोलापूरच्या व्यापाऱ्यांचा विजापूर, कलबुर्गी, हैदराबादकडे नित्य व्यवहार असतो, तिकडे गोदामे आणि दुकाने घेतली जातात, म्हणून हा कागद आपल्या हाती वारंवार येतो. तो कानडीत असतो. आपण तो वाचू शकत नाही. दलाल सांगतो "निल", आणि आपण इसाराचे पैसे मोजतो.

आमचे म्हणणे एवढेच आहे की "ई.सी. निल" आणि "जागा साफ" ही दोन वेगळी वाक्ये आहेत. पहिले खरे असूनही दुसरे खोटे असू शकते. आणि आपल्या समाजातील मिळकतींच्या बाबतीत असे घडण्याचा संभव जास्त आहे. तो का, हेच येथे सांगायचे आहे.

प्रथम हा दाखला म्हणजे काय ते पाहू. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे स्थावर मिळकतीची खरेदीखते, गहाणखते, बक्षीसपत्रे, हक्कसोडपत्रे रजिस्ट्रार ऑफिसात नोंदली जातात. या दस्तांची नक्कल पुस्तक क्रमांक १ मध्ये राहते आणि त्यावरून सूची तयार होते. बोजा दाखला म्हणजे या सूचीचा उतारा. अर्जदाराने मिळकतीचा नंबर, चतुःसीमा आणि मुदत लिहून द्यायची, ऑफिसने त्या मुदतीत त्या मिळकतीवर कोणते दस्त नोंदले गेले ते शोधून द्यायचे. कर्नाटकात दस्त सापडले तर दाखला फॉर्म १५ वर मिळतो. त्यात दस्ताची तारीख, प्रकार, रक्कम, लिहून देणाराचे व घेणाराचे नाव, दस्त क्रमांक असे रकाने असतात. काहीच सापडले नाही तर फॉर्म १६ मिळतो. यालाच लोक निल ई.सी. म्हणतात.

म्हणजे फॉर्म १६ चा खरा अर्थ असा : "तुम्ही सांगितलेल्या वर्णनाच्या मिळकतीवर, तुम्ही सांगितलेल्या वर्षांत, आमच्या पुस्तकात दस्त सापडला नाही." मालक कोण, हे तो सांगत नाही. जागेवर कोणाचा हक्क नाही, हेही सांगत नाही. दाखल्याच्या तळाशी ऑफिस स्वतःच लिहून देते की शोध अर्जदाराने दिलेल्या वर्णनावरून घेतला आहे, आणि दस्तात मिळकतीचे वर्णन वेगळे असेल तर तो दस्त यात आलेला नसेल. ही तळटीप वाचण्याची तसदी कोणी घेत नाही.

आता एक व्यवहार पाहू. आमच्या ओळखीचे एक टॉवेलचे व्यापारी विजापुरात गोदाम घेत होते. जागा ४० फूट बाय ३० फूट, म्हणजे १२०० चौरस फूट, वर पत्र्याचे शेड. भाव ठरला २४ लाख. विकणारे दोघे सख्खे भाऊ. त्यांनी तीन कागद दाखवले : बोजा दाखला फॉर्म १६ वर, महापालिकेचा कर उतारा दोघा भावांच्या नावे, आणि जुन्या खरेदीखताची झेरॉक्स. दोन लाख इसार द्यायचा दिवसही ठरला. त्या आधी व्यापाऱ्याने कागद आमच्याकडे आणले, कारण आम्ही त्या गावी आधी जागा घेतलेली होती.

आम्ही पहिली गोष्ट पाहिली ती दाखल्याची मुदत. दाखला २००४ च्या एप्रिलपासून त्या दिवसापर्यंतचा होता. याचे कारण साधे आहे. कर्नाटकात संगणकावरून घरबसल्या दाखला निघतो तो साधारण २००४ पासूनच्या नोंदींचा. त्या आधीच्या नोंदी ऑफिसातील जुन्या वह्यांत आहेत. त्यांच्यासाठी ऑफिसात अर्ज करून हाताने शोध घ्यावा लागतो, त्याला दिवस लागतात, म्हणून विकणारा सोपा कागद पुढे करतो. झेरॉक्सवर खरेदीची तारीख मात्र १९८६ ची होती. म्हणजे ज्या दस्ताने ही जागा या घराण्यात आली, तो दस्तच या दाखल्यात नव्हता. दाखला खरा होता, शिक्क्याचा होता, पण जागा कोणाची याबद्दल त्यात एक अक्षरही नव्हते.

म्हणून १९८० पासूनचा शोध हाताने घ्यायला सांगितले. अर्जात सिटी सर्व्हेचा नंबर लिहिला, शिवाय महापालिकेचा नवा मिळकत नंबर आणि झेरॉक्समध्ये असलेला जुना घर नंबरही लिहिला. हे महत्त्वाचे आहे. शहरात एकाच जागेला काळाप्रमाणे तीन-तीन नंबर पडलेले असतात. जुना दस्त जुन्या नंबरावर नोंदलेला असतो, आणि नुसत्या नव्या नंबरावर शोध घेतला तर तो हाती लागत नाही. मुदत किमान ३० वर्षांची घ्यावी असे वकील सांगतात, त्यालाही आधार आहे. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे गहाण सोडवण्याच्या दाव्याची मुदत ३० वर्षांची आहे. तेरा वर्षांचा दाखला घेऊन निश्चिंत होणारा माणूस सतरा वर्षे तशीच सोडून देतो. आणि मालकी ज्या दस्तापासून सुरू झाली तो दस्त ३० वर्षांच्या मागे असेल, तर शोधही तेथवर न्यावा.

दहा-बारा दिवसांनी दुसरा दाखला आला, या वेळी फॉर्म १५ वर. त्यात एकच नोंद होती : १९८६ चे खरेदीखत, घेणार म्हणून या दोघा भावांच्या वडिलांचे नाव. त्यानंतर काही नाही.

दलाल म्हणाला, "पाहा, आधीही साफ होते, आताही साफ आहे." आमच्या मते खरी चौकशी येथून सुरू होते. नोंद वडिलांच्या नावे आहे. वडील कोठे आहेत? उत्तर मिळाले, १९९८ मध्ये इंतकाल झाला. मग वडिलांकडून मुलांकडे जागा आली कशी? बोजा दाखल्यात याचे उत्तर कधीच सापडणार नाही. वारसाहक्क हा दस्त नव्हे. माणूस मरण पावतो त्या क्षणी त्याचा तरका वारसांचा होतो. त्यासाठी कोणी रजिस्ट्रार ऑफिसात जात नाही, जाण्याची गरजही नसते. म्हणून पुस्तकात त्याची नोंद नसते, आणि जी नोंद नाही ती दाखल्यात येणार कोठून?

चौकशी केली तेव्हा कळले की वडिलांच्या मागे त्यांची बीवी, दोन मुलगे आणि एक मुलगी होती. आई हयात होती. बहीण लग्न होऊन कलबुर्गीला राहत होती. आता हिशेब करू. सुन्नी हनफी फिक्हप्रमाणे, कफन-दफन, कर्ज आणि वसीयत असल्यास ती वजा जाता, अपत्ये असताना बीवीला आठवा हिस्सा मिळतो. उरलेले मुलांत मुलग्याला दोन आणि मुलीला एक या प्रमाणात वाटले जाते. या जागेचे ४० भाग केले तर आईचे ५, प्रत्येक मुलग्याचे १४ आणि मुलीचे ७ असे होतात. २४ लाखांच्या भावाने एक भाग ६० हजारांचा पडतो. आईचे ३ लाख, मुलीचे ४ लाख २० हजार, दोघा मुलग्यांचे प्रत्येकी ८ लाख ४० हजार.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. दोघे भाऊ मिळून ४० पैकी २८ भागांचे मालक आहेत. त्यांनी सबंध जागेचे खरेदीखत करून दिले तरी ते देऊ शकतात फक्त २८ भाग, कारण जे आपले नाही ते विकता येत नाही. बाकीचे १२ भाग, म्हणजे ७ लाख २० हजारांचा माल, खरेदी होऊनही आई आणि बहिणीचाच राहतो. घेणारा पैसे २४ लाखांचे मोजणार आणि मालक होणार १६ लाख ८० हजारांच्या जागेचा. उद्या बहिणीने वाटणीचा दावा लावला तर गोदामातील माल हलवून कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतील, आणि त्या वेळी फॉर्म १६ दाखवून काही उपयोग होणार नाही.

आम्ही हे बोललो तेव्हा थोरला भाऊ म्हणाला, "बहिणीने आपला हक्क तोंडी सोडला आहे, लग्नात तिला दागिने दिले होते." हे उत्तर आपल्याकडे घरोघरी मिळते. पण लग्नात दिलेले दागिने म्हणजे हक्क सोडणे नव्हे. वडील हयात असताना मुलीने काही म्हटले असले तरी त्या वेळी तिचा हक्क निर्माणच झालेला नव्हता. आणि वडिलांच्या पश्चात स्थावराचा हक्क सोडायचा असेल तर नोंदलेले हक्कसोडपत्र लागते. तसे हक्कसोडपत्र असते तर ते फॉर्म १५ मध्ये दिसलेच असते. येथे दाखल्याचा खरा उपयोग होतो. विकणारा म्हणतो "बहिणीने सोडले", दाखला म्हणतो "अशी नोंद नाही". दाखल्यात काय आहे यापेक्षा, असायला हवे होते ते काय नाही, हे पाहावे.

महापालिकेचा उतारा दोघांच्या नावे होता त्याचे काय, असा प्रश्न येईल. तो उतारा करवसुलीसाठी असतो. ज्याने अर्ज दिला त्याचे नाव लागते. त्यावर आईचे आणि बहिणीचे नाव नसल्याने त्यांचा हिस्सा नाहीसा होत नाही.

याच जातीची दुसरी गोष्ट म्हणजे हिबा. इतर लोकांना स्थावराचे बक्षीसपत्र नोंदवावेच लागते. मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२ च्या कायद्यात कलम १२९ ने मुस्लिम कायद्याच्या हिब्याला यातून वगळले आहे. देणाराने जाहीर केले, घेणाराने कबूल केले आणि कब्जा दिला, की तोंडी हिबाही पुरा होतो. २०११ मध्ये हफिझा बीबी यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितले की असा हिबा कागदावर लिहिला एवढ्याने तो नोंदवणे सक्तीचे होत नाही. घरासाठी ही सोय आहे. घेणारासाठी मात्र अर्थ असा की वडिलांनी हयातीत एखादी खोली, एखादे गाळे कोणाला हिबा करून कब्जा दिला असेल, तर ते कोणत्याही दाखल्यात दिसणार नाही. ते दिसेल जागेवर गेल्यावर. कुलूप कोणाचे आहे, आतला माल कोणाचा आहे, भाडे कोण घेतो, शेजारी काय सांगतात, हे पाहिल्यावाचून सौदा करू नये. जागा जुनी असेल तर वक्फ बोर्डाची नोंदही पाहावी.

तिसरी गोष्ट त्या झेरॉक्सची. "मूळ खत कोठे आहे?" असे विचारल्यावर भाऊ एकमेकांकडे पाहू लागले. आधी म्हणाले गावी आहे, मग म्हणाले कपाटात आहे. शेवटी निघाले ते एका पतसंस्थेत. थोरल्याने धंद्यासाठी ६ लाखांचे कर्ज काढले होते आणि मूळ खरेदीखत तेथे ठेवले होते. मूळ दस्तऐवज सावकाराकडे तारण म्हणून ठेवणे हेही कायद्याने गहाणच आहे. १८८२ च्या त्याच कायद्यात कलम ५८ मध्ये हा प्रकार सांगितला आहे, आणि नुसते कागद ठेवून केलेल्या अशा गहाणाला नोंदणीची गरज नसते. सोबत कराराचा दस्त नोंदला असेल तरच ते दाखल्यात येते. बँकांसाठी २०११ पासून सेरसाई नावाची केंद्रीय नोंद सुरू आहे. थोडी फी भरून कोणालाही तेथे शोध घेता येतो आणि तो घ्यावाच. पण प्रत्येक पतसंस्था किंवा खासगी देणेकरी तेथे नोंद करीलच असे नाही. म्हणून सर्वांत खात्रीचा उपाय जुनाच आहे : इसार देण्यापूर्वी मूळ खरेदीखत डोळ्यांनी पाहणे. झेरॉक्स किंवा रजिस्ट्रार ऑफिसची सही-शिक्क्याची नक्कल चालत नाही, कारण नक्कल कोणीही कितीदाही काढू शकतो. "मूळ हरवले" असे सांगणारा माणूस खरा असू शकतो, पण त्याने पोलिसांत दिलेली खबर आणि वर्तमानपत्रातील जाहीर नोटीस दाखवावी.

शेवटी वेळेचा मुद्दा. दाखला अर्जाच्या दिवसापर्यंतचाच असतो. दस्त सही झाल्यापासून चार महिन्यांत नोंदवता येतो, आणि नोंदल्यावर तो सहीच्या तारखेपासून अमलात येतो. म्हणजे विकणाराने कालच दुसऱ्याला खत सही करून दिले असेल तर आजच्या दाखल्यात ते दिसणार नाही, आणि उद्या नोंदले गेल्यावर ते आपल्या खताच्या पुढे उभे राहील. यावर दाखला पूर्ण तोडगा नाही. खरेदीच्या दिवशी सकाळी नव्याने शोध घेणे, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देणे, आणि मूळ खत व कब्जा घेतल्याखेरीज पूर्ण रक्कम न देणे, एवढे आपल्या हातात असते.

विजापूरचा सौदा मोडला नाही. मोडण्याचे कारणही नव्हते, जागा चांगली होती आणि भावही रास्त होता. इसार थांबवला. वारसांचे प्रतिज्ञापत्र घेतले. आई आणि बहीण दोघींना विकणारांत घातले, चौघांच्या सह्या झाल्या, आणि ज्याच्या त्याच्या हिश्श्याचे चेक ज्याच्या त्याच्या नावे दिले. पतसंस्थेचे ६ लाख थोरल्याच्या हिश्श्यातून त्याच दिवशी परस्पर भरले, बेबाकीचा दाखला आणि मूळ खत हाती घेतले. नोंदणीनंतर व्यापाऱ्याने पुन्हा एक बोजा दाखला काढला. त्यात आता दोन नोंदी आहेत, १९८६ ची आणि त्यांची स्वतःची. आपला दस्त योग्य नंबरावर चढला की नाही हे असे तपासून घेणे प्रत्येकाने करावे.

महाराष्ट्रात हेच काम सूची क्रमांक २ पाहून आणि वकिलाच्या शोध अहवालावरून होते. नाव वेगळे, वही तीच, आणि तिच्या मर्यादाही त्याच. येथे २०१३ पासून मूळ कागद ठेवून घेतलेल्या कर्जाची सूचना ३० दिवसांत रजिस्ट्रार ऑफिसात देणे सक्तीचे झाले आहे, म्हणून असे गहाण शोधात सापडू शकते. पण ती सूचना कर्ज घेणाराने द्यायची असते. ज्याला लपवायचे आहे तो ती देईलच, असे धरून चालता येणार नाही. वारसांचा हिस्सा तर येथेही कोणत्याच सूचीत नाही.

काही व्यापारी म्हणतात, आई-बहिणीचा हिस्सा ही विकणाराच्या घरची बाब, आपण त्यात का पडावे? आमचे मत याच्या उलट आहे. आपण ४० भागांचे पैसे देतो, तेव्हा ४० भाग कोणाचे आहेत हे विचारणे हा आपला हक्क आहे. आणि ज्या बहिणीला कोणी विचारले नाही तिच्या जागेत आपला माल ठेवणे, हा धंदा हिशेबानेही तोट्याचा आणि दीनानेही नाजायज. दाखला हाती आला की त्यातील शेवटच्या मालकाचे नाव वाचून घ्यावे. तो हयात असेल तर त्याचीच सही घ्यावी. तो हयात नसेल तर त्याच्या वारसांची पूर्ण यादी मागावी, मुलींसह. ती यादी हाती येईपर्यंत इसार आपल्या गल्ल्यात राहू द्यावा.